टँकर किती वाजता?

आमच्या सोसायटीत पाण्याचा टँकर कधी येणार, हे विचारणारे निरोप उन्हाळ्यात रोज येतात आणि सेक्रेटरी या नात्याने मी त्यांना मराठीतच उत्तर देतो. मराठी वाक्यात 4:30 म्हणजे पंगतीत बूट घालून बसलेला पाहुणा; ४:३० कसं घरचं वाटतं. अडचण एवढीच, की उत्तर कुठल्या पडद्यावर उघडणार, हे मला इथून दिसत नाही. तिसऱ्या मजल्यावर नवाकोरा फोन आहे, कुणी निरोप मनगटावरच्या घड्याळात वाचतं, आणि तळमजल्यावरच्या काकांकडे बटणांचा जुना फोन आहे.

ज्या यंत्रात देवनागरी फॉन्ट नाही, तिथे प्रत्येक चिन्हाच्या जागी रिकामी चौकट उमटते. ‘टँकर सायंकाळी ४:३० वाजता येईल’ हे माझं सुबक वाक्य काकांपर्यंत असं पोहोचतं:

□□□□ □□□□□□□□ □:□□ □□□□□ □□□□

वाचलं काय, तर मधले दोन ठिपके. त्याच जागी 4:30 लिहिलं असतं, तर एवढ्या पडझडीतही वेळ तेवढी उभी राहिली असती, कारण ते अंक जवळपास प्रत्येक यंत्रात असतातच. ‘साडेचार’ असं अक्षरी लिहिण्यात तर काहीच अर्थ नाही. अक्षरंच आधी बुडतात.

पण म्हणून सगळं खापर देवनागरी अंकांवर फोडणं मला पटत नाही. युनिकोडमध्ये ते आपल्या अक्षरांच्या शेजारीच, एकाच वस्तीत राहतात. ज्या फॉन्टमध्ये क आहे, त्यात ४ बहुधा असतोच. उलट अर्धवट तयारीच्या यंत्रावर त्रास होतो तो अक्षरांना: ‘कि’ची वेलांटी क-च्या पलीकडे जाऊन पडते, जोडाक्षरं पाय मोडून वेगळी होतात. अंकांना ना काना ना मात्रा, ते कुणाला जोडायचे नसतात. त्यामुळे अशा पडद्यावरही ४ ताठ उभा असतो. देवनागरी अंकांनी एसएमएस महाग होतो, ही तक्रारही अशीच. रोमन अक्षरांच्या एका एसएमएसमध्ये १६० चिन्हं मावतात आणि एकही मराठी अक्षर आलं की ७०. वाक्य मराठी असेल, तर ती किंमत आधीच मोजलेली असते. मग 4 लिहा नाहीतर ४, जागा एकच.

चौकटींऐवजी प्रश्नचिन्हांची रांग दिसली, तर दुखणं निराळं. चौकट दिसते तेव्हा मजकूर बहुधा सुखरूप आलेला असतो, फक्त तो काढून दाखवणारा फॉन्ट नसतो; तोच निरोप दुसऱ्या फोनवर पाठवला की वाचता येतो. प्रश्नचिन्हं आली, तर वाटेत एखाद्या जुन्या यंत्रणेने अक्षरं ओळखलीच नाहीत आणि त्यांच्या जागी ?? भरून ती फेकून दिली, असं समजावं. मग कुठलाही फॉन्ट त्यांना परत आणत नाही. या दोन्ही अपघातांतून 4:30 मात्र सहीसलामत निघतो.

आणि सगळं नीट दिसलं, तरी वाचणारा असतोच. इंग्रजी शाळेत जाणारी आमच्या जिन्यातली मुलं ४ पाहून बिनधास्त 8 वाचतात, आणि लहान पडद्यावर १ आणि ९ यांत गफलत करायला तर इंग्रजी शाळेचीही गरज नाही. म्हणून टँकरवाल्याचा नंबर मी नेहमी 0 ते 9 मध्येच लिहितो. तो नुसता वाचायचा नसतो, कुठेतरी उतरवायचा असतो, आणि अनेक फॉर्मांचे रकाने देवनागरी अंक दिसताच ‘कृपया योग्य क्रमांक भरा’ म्हणून मोकळे होतात. हे लिहिताना अपराधी वाटू लागलं, की मी राज्यघटनेचं ३४३वं कलम आठवतो. संघाच्या कारभारासाठी तिथे जे अंक सांगितले आहेत, त्यांना ‘भारतीय अंकांचं आंतरराष्ट्रीय रूप’ म्हटलं आहे. म्हणजे बूट घातलेला तो पाहुणा आपल्याच घरातला, परदेशी जाऊन आलेला.

तर समोरचा पडदा माहीत असेल तेव्हा ४:३०, आणि माहीत नसेल तेव्हा 4:30, असं मी ठरवून टाकलं. पहिल्याच दिवशी काकांचा फोन आला.

“अहो सेक्रेटरी, चौकटींत 4:30 दिसतंय. पहाटेचे की संध्याकाळचे?”

प्रश्न रास्त होता. ‘सायंकाळी’ हा शब्द चौकटींत गेला होता. तेव्हापासून मी 16:30 लिहितो. संध्याकाळही अंकातच बांधून टाकलेली बरी. काकांना ते बिनचूक कळतं. फक्त तिसऱ्या मजल्यावरून, जिथे एकूण एक अक्षर लख्ख दिसतं, तिथून विचारणा होते, की टँकर येणार आहे की एक्सप्रेस, आणि कुठल्या प्लॅटफॉर्मवर.