साडेदहावं मूल

सकाळी इंदिरानगरच्या कोपऱ्यावर व्हॅनचं दार सरकलं की आधी एक दप्तर बाहेर पडतं, मग वॉटरबॅग, मग कुणाचा तरी एक बूट. त्यानंतर आमच्या कन्येला आत कोंबतात. एकदा मी मुंडकी मोजली. चौदा भरली.

"काका, यात बसतात तरी किती?"

"साहेब, बसत नाहीत. मावतात."

मग मी नियम वाचले. (असल्या सवयींमुळेच मला सोसायटीत कुणी चहाला बोलावत नाही.) महाराष्ट्राने २०११ मध्ये स्कूलबससाठी स्वतंत्र नियम केले आहेत. पण मी अडकलो तो मुलांच्या हिशेबात. १२ वर्षांखालची मुलं आसनांच्या दीडपट चालतात. १२ च्या पुढचं मूल मात्र अख्खा माणूस. काकांच्या आरसीवर चालक सोडून आसनं सात. सात दीडे साडेदहा! दीडकीचा पाढा आमच्या आजोबांबरोबर गेला असं मला वाटत होतं. तो व्हॅनमध्ये बसलेला निघाला. प्रश्न एवढाच, की ते अर्धं मूल कुठल्या सोसायटीतलं?

बरं, सगळी लहान असतील तर साडेदहा. आमच्या चौदांत पाच जण १२ च्या पुढचे, म्हणजे पाच आसनं त्यांचीच. उरलेली नऊ लहान, म्हणजे सहा आसनं. एकूण अकरा. सातांत अकरा कशी बसतात, याचं उत्तर मागच्या बाजूला आहे: गॅसच्या टाकीवर एक फळी टाकलीय. आरसीत तिची नोंद नाही.

स्कूलबसमध्ये मुलांना चढवायला-उतरवायला मदतनीस हवा, मुली असतील तर बाईच हवी. मी मावशींचा विषय काढला. काका म्हणाले, "ठेवतो की. तुमच्या मुलीच्या जागी बसवू?" सध्या तरी ते काम आठवीतला एक मुलगा करतो. त्याचा पगार म्हणजे पुढची सीट.

वेगाची मर्यादा शहरात ताशी ४० किलोमीटर. अशोक स्तंभापाशी सकाळच्या गर्दीत हा नियम मोडणं कोणालाच जमत नाही. धोका त्यानंतर असतो. काकांच्या दोन फेऱ्या. पहिली पोरं पोचवून दुसरी उचलायची, म्हणून मधला मोकळा रस्ता दिसला की व्हॅनला पंख फुटतात. फळी आणि पंख, दोन्हींची मुळं आमच्या फीत आहेत. फळी काढली किंवा फेरी एकच ठेवली तर ती वाढेल, हे काकांनी मला फार प्रेमाने समजावलं. मीही मान डोलावून घरी आलो. त्या फळीचे थोडे पैसे माझ्याही खिशात राहतात ना!

येत्या १४ तारखेला कन्येला १२ पूर्ण होतात. दोन-तृतीयांश आसनाची ती अख्खी होणार. हे मी काकांना अजून सांगितलेलं नाही.