रिझर्व्हवरची गोष्ट

आमच्या घरी चेतक आली त्यावर कथा लिही, असं नातेवाईक मला कितीतरी वर्षं सांगत आलेत. अडचण एवढीच, की स्कूटर आली आणि पुढे काही घडलंच नाही. 1980च्या दशकातलं आकुर्डी. तेव्हा स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचे लोक. बाबांचा नंबर लागला, स्कूटर दारात आली, हार पडला, नारळ फुटला आणि मग लक्षात आलं, की घरात ती चालवता कुणालाच येत नाही. यथावकाश बाबा शिकले. संपली गोष्ट!

तरी लिहायला बसलो. घरच्यांनी ओळखू नये म्हणून आधी स्कूटरचा फ्रिज केला. दोन पानांत कथा आडवी झाली. कारण माझ्या आठवणीतला जिवंत भाग एकच होता: स्कूटर चालू होईना की शेजारचे काका तिला डाव्या अंगावर तिरकी करायचे, कानोसा घ्यायचे आणि मग किक मारायचे. फ्रिज तिरका करून किक कशी मारणार? तेव्हा ज्या तपशिलावर माणसांच्या हालचाली टांगलेल्या असतात, तो तसाच ठेवावा लागतो. रंग खुशाल बदलावा. मी निळ्याची हिरवी केली, कुणाचं काही बिघडलं नाही. घर मात्र आकुर्डीतून चिंचवडला, मोरया गोसावींच्या देवळाजवळ नेलं, कारण ढकलत चालू करायला मला पवनेकडे जाणारा उतार हवा होता.

मग माणसं. स्कूटरभोवती तिघे जण असायचे. तिरकी करणारे काका अत्यंत चिकट. बाबांचे रात्रपाळीवाले मित्र पॉलिश पेपरने प्लग घासत अभंग म्हणायचे. आणि चाकणच्या कांदा बाजारात हिशेब लिहिणारा मामा नुसता सल्ले द्यायचा. पाच पानांच्या कथेत तीन पुरुष एका स्कूटरशी वाकलेले. कोण काय बोललं हे मलाच कळेना. म्हणून तिघांचा एक तात्या केला. पहिला तात्या भयंकर झाला. चिकटही, भजनीही, सल्लागारही. तिघांच्या सवयी एका सदऱ्यात कोंबल्या, की माणूस होत नाही, नुसती गर्दी होते. सवयी खोडल्या आणि स्वतःला विचारलं, या तिघांना सारखं काय हवं होतं? उत्तर लाजिरवाणं सोपं होतं: ती स्कूटर! तिघांकडेही नव्हती.

तिथे कथेला पाय फुटले. तात्याने बाबांच्या आधी नंबर लावलाय, त्याचा अजून लागलेला नाही, आणि तोच बाबांना शिकवतोय. हे मी बनवलं. पण एवढं बनवल्यावर बाकीचं आपोआप हलायला लागलं. तात्या रोज सकाळी यायला हवा, म्हणजे चाकणचा मामा बाद, रात्रपाळी पक्की. कथा सांगणारा मुलगा त्या वेळी घरात हवा, म्हणजे शाळेला सुट्टी. म्हणून वर्षभर रेंगाळलेलं शिकणं दिवाळीच्या आठवड्यात बसवलं. नंबराची भानगड मुलाला कळू द्यायची नाही, हेही ठरवलं. प्रकाश नारायण संतांचा लंपन चार पुस्तकांत मुलगाच राहतो. त्याला न कळलेलं वाचकाला कळतं, ही त्या कथांची गंमत. माझा मुलगा मात्र पहिल्या खर्ड्यात मध्यमवर्गाच्या आकांक्षांवर बोलत होता. वय वर्षं नऊ!

राहिला शेवट. आठवणीला तो नसतोच. ती नुसती पुढे चालत राहते. मी आधी अपघात घालून पाहिला. तात्या पवनेत. पण ज्याला ती स्कूटर इतकी हवी आहे, तो तिला ओरखडासुद्धा कसा येऊ देईल? म्हणून तात्या भाऊबीजेला एकटाच एक चक्कर मारायला जातो, अंधार पडल्यावर परततो, किल्ली देतो, काही बोलत नाही. सकाळी बाबांना दिसतं, की पेट्रोलचा कॉक रिझर्व्हवर आहे. टाकी आदल्या दिवशीच भरलेली होती. बाबा ती गोष्ट आईला सांगत नाहीत.

कथा एका दिवाळी अंकात छापून आली. काकांच्या मुलाने फोन करून सांगितलं, की त्याच्या वडिलांनी उभ्या आयुष्यात दुसऱ्याचं पेट्रोल जाळलेलं नाही. आईचं म्हणणं, रंग निळा होता. मामाने अंकाच्या चार प्रती घेतल्या. आता तो प्रत्येक लग्नात पंगतीला बसला, की सांगतो, भाऊबीजेच्या रात्री आपण दाजींची चेतक थेट लोणावळ्यापर्यंत कशी पिटाळली आणि परत येताना तळेगावाशी कॉक रिझर्व्हवर कसा टाकला. खंडाळ्याच्या घाटातलं धुकंही हल्ली त्यात आलंय.

मागच्या लग्नात मी त्याला हळूच म्हटलं, ‘‘मामा, तुला तर सायकलसुद्धा येत नव्हती.’’

‘‘तू लहान होतास,’’ मामा म्हणाला आणि मठ्ठा मागवला.