महिला दिनाची ऑफर कशी लिहावी

सर्वप्रथम पार्लरच्या बॅनरवरचा गुलाबी रंग बंद करावा. मग उडत्या केसांची सावली आणि ‘नारीशक्तीला सलाम’ पुसावं. आयब्रो करायला आलेल्या बाईला सलाम नको असतो, दोन्ही भुवया सारख्या हव्या असतात. ‘सखी, घर सांभाळतेस, ऑफिस सांभाळतेस, आज थोडं स्वतःसाठी जग’ हेही खोडावं. एरवी काउंटरवर ‘मॅडम’ म्हणायचं आणि 8 मार्चला एकदम ‘सखी’, हे बरं दिसत नाही. बिल देताना पुन्हा मॅडमवर यावं लागतं.

एवढं पुसल्यावर काय उरतं ते पाहावं. बहुधा ‘फ्लॅट 50%’ आणि तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत अटी: सोमवार ते शुक्रवार, दुपारी 12 ते 4, लांब केसांना जादा, जीएसटी वेगळा. म्हणजे नोकरदार स्त्रीचा गौरव ती ऑफिसात असताना होणार. मालक म्हणतात, दुपारी खुर्च्या रिकाम्या असतात. असतात की! मग तसंच लिहावं, ‘दुपारी गर्दी नसते म्हणून स्वस्त’. पण त्यासाठी महिला दिन कशाला हवा?

आता लिहायला घ्यावं. ‘क्लीनअप, दोन्ही हातांचं वॅक्सिंग, आयब्रो. एरवी 1,400 रुपये, 8 ते 14 मार्च 1,050, जीएसटी धरून. वेळ दीड तास. शेवटची अपॉइंटमेंट संध्याकाळी 7.’ विशेषणं शून्य. एरवीचे 1,400 हे फेब्रुवारीच्या दरपत्रकातलेच असावेत. मार्चच्या पहिल्या तारखेला वाढवून आठव्या तारखेला उतरवलेले दर नेहमीच्या बायका बरोबर ओळखतात. शेवटी एक ओळ जोडावी: ‘मध्येच दुसरं काही सुचवलं जाणार नाही.’ ही ओळ सर्वात अवघड. चेहऱ्यावर पॅक, डोळ्यांवर ओला कापूस, ओठ हलवायची सोय नाही, आणि नेमका तेव्हाच कानाशी आवाज येतो, ‘मॅडम, टॅनिंग खूपच आहे हो, डी-टॅन करून टाकू?’ गप्प राहणं हा होकार धरू नये, असं स्टाफला आधीच बजावून ठेवावं.

एक हिशेब बॅनरबाहेरचा. काम करणाऱ्या मुलीचं इन्सेंटिव्ह पुष्कळ ठिकाणी अंतिम बिलावर निघतं. समजा ते 10 टक्के आहे. 1,400 वर तिला 140 मिळायचे, 1,050 वर 105. वॅक्स तेवढंच, पाठ तेवढीच दुखते, गर्दी दुप्पट. आणि सवलतीतले 35 रुपये तिच्या खिशातून. हातात गुलाब देऊन ते भरून निघत नाहीत. इन्सेंटिव्ह मूळ दरावरच द्यावं, आणि दिलं हे जाहिरातीत मुळीच छापू नये, नाहीतर तोही सलामच झाला.

एवढं झाल्यावर मालक हळूच विचारतील, ‘हॅपी विमेन्स डे तरी घालू ना?’ घालावं. तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत. अटींची जागा आता रिकामीच आहे.