कोकम सरबत फळीवर चढवण्याचा विधी

कोकम सरबत करणे सोपे आहे. पिकलेली कोकमे फोडावीत, सालीत साखर भरावी, उन्हात ठेवावे आणि वाट पाहावी. ते सरबत पुण्यातल्या सुपरमार्केटच्या फळीवर चढवणे मात्र सोपे नाही, म्हणून हे मार्गदर्शन. उदाहरणादाखल आमचीच बाटली घेऊ : २०० मिली, तयार सरबत, एमआरपी ४० रुपये, मुक्काम कुडाळ.

पूर्वतयारी

बायरची भेट मिळाली की प्रथम लग्नाच्या याद्या आठवाव्यात. आपण मुलीकडचे. तिकडून पहिले वाक्य ठरलेले असते : ‘आम्हाला काहीच नको.’ मग यादी सुरू होते. फरक इतकाच, की बायर यादीला ‘कंपनीची पॉलिसी’ म्हणतो.

भेटीआधी एक आकडा तळहातावर लिहून न्यावा. बायरने एमआरपीवर २५ टक्के मार्जिन मागितले, तर तो आपल्याला बाटलीमागे ३० रुपये देणार. त्यातला ५ टक्के जीएसटी सरकारचा, म्हणजे आपले साधारण २८.५०. कोकम, साखर, बाटली, बूच, लेबल आणि पुण्यापर्यंतचा टेम्पो मिळून आमचा खर्च १७.५०. उरले ११. यापुढे कॅबिनमध्ये जे जे बोलले जाईल, ते या अकरा रुपयांतून जाणार आहे. बायर कितीही गोड बोलला तरी नजर तळहातावर असावी.

भेट नोव्हेंबर-डिसेंबरात घ्यावी. आम्ही पहिल्या वर्षी मार्चमध्ये गेलो. बायर म्हणाला, “काका, सरबत एक नंबर. पण उन्हाळ्याची मांडणी ठरून गेली.” बाहेर ३८ अंश होते.

पायरी पहिली : जागा मागणे

‘जरा चांगली जागा द्या, साहेब’ असे कधीही म्हणू नये. चांगली जागा देतो असे प्रत्येक बायर म्हणतो, आणि ती गुडघ्याच्या उंचीवर निघते. तिथली बाटली फक्त बुटाची नाडी बांधणाऱ्यांना दिसते. म्हणून मागणी मापात करावी. आमची बाटली सहा सेंटीमीटर रुंद आहे. तीन बाटल्या शेजारी शेजारी दिसायच्या तर १८ सेंटीमीटर लागतात. ‘डोळ्यासमोरची फळी, १८ सेंटीमीटर’ असे बोलावे आणि करारात लिहून घ्यावे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे शेजार. बायर आपल्याला सरबतांच्या विभागात बसवू पाहील, कारण नावात सरबत आहे. तिथे शेजारी पातळ करून प्यायच्या सिरपची मोठी बाटली असते. गिऱ्हाईक मनात हिशेब करते : त्या बाटलीत वीस पेले, हिच्यात एक. आपण आपोआप लुटारू ठरतो. आपली बाटली चिलरमध्ये, थंड पेयांशेजारी हवी. तिथे माणूस तहानलेला असतो आणि तहानेला पेल्यांचा हिशेब येत नाही. पण मागण्याआधी चिलर कोणाचा ते पाहावे. त्यावर मोठ्या कंपनीचे नाव रंगवलेले असेल, तर तो दुकानात असूनही दुकानाचा नसतो, आणि बायरने दिलेला शब्द त्या दारापाशी संपतो.

पायरी दुसरी : प्रवेशमूल्य

याला लिस्टिंग फी म्हणतात. पाच दुकाने, प्रत्येकी १०,००० रुपये, एकूण ५०,०००. बायर हे फार हळू आवाजात सांगतो. इथे घाम पुसून तळहात पाहावा. ५०,००० भागिले ११ म्हणजे साधारण ४,५५० बाटल्या. नव्या मालाला तीन महिन्यांची मुदत असेल, तर पाचही दुकानांत रोज दहा-दहा बाटल्या खपल्यावर आपण शून्यावर येऊ. कोकम माहीत नसलेल्या वस्तीत रोज दहा म्हणजे नवस बोलावा लागेल.

नाही म्हणू नये. ‘रोख नाही, माल देतो’ म्हणावे. आपल्या दराने ५०,००० रुपयांचा माल म्हणजे साधारण १,७५० बाटल्या. त्या आपल्याला पडतात साधारण ३०,६०० रुपयांना. दुकान त्या विकून आपले मूल्य वसूल करते, आणि फुकटचा माल विकायचा असल्यामुळे ती बाटली मागच्या खोलीत धूळ खात पडत नाही.

पायरी तिसरी : एकावर एक

ही पायरी निसरडी आहे. बायर उत्साहाने म्हणेल, “काका, सुरुवातीला एकावर एक फ्री लावू. माल उडेल.” माल उडतो हे खरे आहे. दोन बाटल्यांचा खर्च ३५ रुपये, दुकानाकडून एकीचेच मिळणार २८.५०. प्रत्येक जोडीमागे साडेसहा रुपये आपल्या खिशातून. जितका माल उडेल, तितके आपण बुडू. आमच्या हिने हा हिशेब ऐकून विचारले, “मग गावात फुकट का वाटत नाही? निदान लोक नाव तरी घेतील.”

त्यापेक्षा ‘बाटलीमागे पाच रुपये सूट, पंधरा दिवस’ बरे. तरी त्यात एक चोरदरवाजा आहे. सूट दुकानाच्या खरेदीवर दिली, तर त्या पंधरवड्यात दुकान ३,००० बाटल्यांची ऑर्डर देते, सवलतीत विकते १,०००, आणि उरलेल्या २,००० नंतर पुऱ्या ४० रुपयांना विकते. आपण सोडले १५,०००, गिऱ्हाइकाला पोचले ५,०००. स्कीमच्या दिवसांत अचानक फुगलेली आणि नंतर दोन महिने गप्प झालेली ऑर्डर दिसली, की समजावे. उपाय एका ओळीचा : सूट बिलिंग मशीनवर विकल्या गेलेल्या बाटल्यांवरच, त्या आकड्यांच्या कागदासह. ही ओळ ऐकून बायर पहिल्यांदाच आपल्याला ‘काका’ऐवजी ‘सर’ म्हणतो.

पायरी चौथी : सासरहून परत

न खपलेला माल परत येतो, आणि त्याचे पैसे पुढच्या बिलातून न बोलता कापले जातात. आमच्या सरबताचे आयुष्य सहा महिने. मेमध्ये भरलेली बाटली ऑक्टोबरअखेर आम्हाला परत मिळाली, तेव्हा तिच्याकडे बघवत नव्हते. म्हणून दोन गोष्टी लिहून घ्याव्यात : परतावा तीन टक्क्यांपर्यंतच, आणि मुदत संपण्याच्या ४५ दिवस आधी कळवायचे, म्हणजे माल दुसऱ्या दुकानात हलवता येतो.

पैशांचे तसेच. आपली उद्यम नोंदणी सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून असेल, तर २००६च्या कायद्याप्रमाणे करारात काहीही लिहिले तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. हा कायदा बायरला ऐकवू नये, त्याचे मन दुखावते. बिलावर उद्यम क्रमांक छापावा आणि फेब्रुवारीत त्यांच्या अकाउंट्स विभागाला नम्र पत्र धाडावे. मुदत उलटून मार्चअखेरही थकलेली रक्कम त्या वर्षाच्या आयकरात खर्च म्हणून धरता येत नाही, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते.

फलश्रुती

हे सर्व यथासांग केल्यावर आम्हाला पाचऐवजी दोन दुकाने मिळाली. मी दर शनिवारी जाऊन पट्टीने जागा मोजतो. गेल्या खेपेला १८ सेंटीमीटरचे १४ झाले होते. शेजारची लिंबू सोड्याची बाटली जाडसर आहे, ती हळूहळू सरकते. मी तिला मागे ढकलले, आमची तिसरी बाटली पुढे ओढली आणि लेबल सरळ केले. तेवढ्यात एका बाईंनी विचारले, “दादा, हे प्यायचं कसं?”

म्हटले, थंडच. आणि जागेवरच एक विकली. अकरा रुपये.