काहीच न लावल्यासारखं लावण्याची नियमावली

(राणीसावरगाव व पंचक्रोशीतील, वय वर्षे तेरा ते एकोणीस, अशा सर्व मुलींसाठी)

१. उद्देश. नवरात्रात रेणुकामातेच्या दर्शनाला निघालेल्या मुलीचा चेहरा ताजा दिसावा, पण कशामुळे ते कुणालाच कळू नये. गावात परीक्षक फुकट आणि भरपूर आहेत. बसस्टँडवर भेटलेल्या काकूंनी "झोप झाली वाटतं आज चांगली" म्हटलं, तर उत्तीर्ण. "काय गं, तोंडाला काय फासलंस?" म्हटलं, तर अनुत्तीर्ण. फेरतपासणीचा अर्ज आजीकडे करता येतो, पण आजी गुण आणखी कमी करते.

२. खरेदी. चार वस्तू पुरतात: सनस्क्रीन, कन्सीलर, पावडर आणि ओठांचा टिंट. कन्सीलरचा रंग दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ठरवू नये, कारण त्या उजेडात सगळेच गोरे दिसतात. जबड्याच्या कडेला एक रेघ ओढावी आणि दुकानाबाहेर उन्हात येऊन आरशात बघावं. जी रेघ सापडत नाही, तो आपला रंग. दुकानदार एक छटा उजळ सुचवेल; त्याचं ऐकल्यास मुरूम झाकला जात नाही, त्याच्यावर दिवा लागतो. नवी वस्तू आधी कानामागे लावून एक दिवस थांबावं. खाज किंवा लाली आली, तर ती वस्तू चेहऱ्यासाठी नाही.

३. प्रतिबंधित वस्तू. मैत्रिणीने गुपचूप दिलेली "गोरं करणारी" ट्यूब. मागे बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन असं नाव असेल, तर ते स्टेरॉइड आहे आणि ते डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय वापरायचं नसतं. सुरुवातीला चेहरा उजळतो, म्हणूनच फसगत होते. पुढे कातडी पातळ होते, पुरळ उठतं, लालसर शिरा दिसू लागतात, आणि ट्यूब थांबवली की आग होते. महिनोन्‌महिने लावत आला असाल, तर एकदम बंद न करता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं. या कलमात विनोद नाही.

४. प्रत्यक्ष कार्यवाही. उदाहरणार्थ गव्हाळ रंग, तेलकट कपाळ आणि हनुवटीवर नेमका आजच उगवलेला एक मुरूम घेऊ.

चेहरा साध्या फेसवॉशने धुवून टिपावा. तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत एकेक रेघ, एवढं एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तीचं सनस्क्रीन चेहऱ्याला आणि मानेला लावावं. काटकसर केली तर डबीवर छापलेलं संरक्षण मिळत नाही. मान विसरल्यास चेहरा एका मुलीचा आणि मान दुसरीची दिसते. मग दहा मिनिटं थांबावं. लगेच वरून काही चोळलं, तर खोडरबराच्या चुऱ्यासारख्या वळ्या निघतात. या दहा मिनिटांत आई काहीतरी काम सांगेलच. ते करावं, संशय येत नाही.

आता मुरमावर कन्सीलरचा मोहरीएवढा ठिपका. अर्धा मिनिट तसाच राहू द्यावा, मग अनामिकेने फक्त कडा थापटाव्यात. मधे बोट लावलं की सगळं बोटाला येतं आणि मुरूम मोकळा होतो. बाकी चेहऱ्याला कन्सीलर लागत नाही.

पावडर चिमूटभर, पफने दाबून, तीही कपाळ, नाक आणि हनुवटीवरच. गालावर फासलेली पांढरी पावडर घाम येताच घड्यांत साचते, आणि आपल्याकडे ऑक्टोबरात दर्शनाच्या रांगेत घाम येतोच.

टिंट ओठांच्या आतल्या रंगाशी मिळता घ्यावा. मध्यभागी लावून बोटाने बाहेर पसरावा. बोटावर उरेल तो गालाच्या उंचवट्यावर थापटावा. काजळ खालच्या पापणीत घातलं, तर दुपारपर्यंत गालाकडे प्रवास करतं. घालायचंच तर वरच्या पापणीच्या मुळांशी बारीक रेघ. काजळाची कांडी बहिणीलासुद्धा देऊ नये, डोळे येण्याची साथ नात्यातूनच फिरते.

५. तपासणी. आरसा घेऊन अंगणात जावं. हातभर अंतरावरून एखादी वस्तू वेगळी ओळखू आली, तर ती ओल्या कापडाने निम्मी पुसावी. भावाला विचारू नये. त्याला कळलं नाही तरी तो हसतो.

६. समारोप. रात्री कितीही उशीर झाला तरी सगळं धुवूनच झोपावं, नाहीतर हनुवटीवरच्या मुरमाला सकाळपर्यंत भावंडं होतात. आणि गडबडीत एकच वस्तू लावण्याइतका वेळ असेल, तर सनस्क्रीन लावावं. बाकी तिन्ही नसल्या तरी कुणाचं काही अडत नाही; अडवायचं असतं ते मराठवाड्याचं ऊन, आणि त्या उन्हावर कन्सीलर चालत नाही.