हसू न आलेली ओळ

समजा, जव्हार-मोखाड्याला पर्यटक यावेत म्हणून कोणी उत्साही माणसाने जाहिरातीचा मसुदा लिहिला आहे: ‘धबधबे, माकडे आणि आदिवासी पाडे पाहा. गरीब पण हसतमुख माणसांना भेटा. अस्सल गावठीची चव घ्या. नाचणीची भाकरी खा, वजन घटवा. बोहाड्यात मोखाडेकरांची सोंगे पाहा.’ शुद्धलेखनाची एकही चूक नाही, म्हणून तो लगेच छापायला निघेल. पण मजकूर तपासायचा म्हणजे वेलांट्या मोजायच्या नव्हेत. लिहिणाऱ्याला आपला अर्थ आधीच ठाऊक असतो, त्यामुळे दुसरा अर्थ दिसण्याची सोय त्याच्याकडे नसते. त्याच्या डोक्यात गावठी कोंबडीचा रस्सा उकळत असतो. वाचणाऱ्याला मात्र मोहाच्या फुलांचा वास येतो आणि तो बाटली किती लिटरची, असे विचारायला फोन करतो. बोहाड्याचेही तेच. देवादिकांचे आणि राक्षसांचे मुखवटे घालून रात्ररात्र नाचवायचे ते सोंग, हे मोखाड्यात पोराटोरांना माहीत आहे. ठाण्या-मुंबईच्या वाचकाला मात्र सोंग म्हटले की कामाच्या दिवशी पोट दुखणारा माणूस आठवतो, आणि अख्खा तालुका ढोंगी ठरतो.

हे अपघात सापडायला सोपे आहेत. मसुदा कॉलेजातल्या एखाद्या वात्रट पोराला मोठ्याने वाचायला द्यावा. तो जिथे फिसकन हसेल तिथे खूण करावी. ‘गावठी’पुढे ‘कोंबडी’ घातली, ‘सोंगे’च्या जागी ‘मुखवट्यांचा उत्सव’ केला की काम झाले. फलक करायचा असेल तर ओळ कुठे तुटते तेही पाहावे, कारण कोंबडी खालच्या ओळीत गेली आणि तिच्यावर झाडाची फांदी आली की वर पुन्हा दारूच उरते.

खरी अडचण, पोरगा हसला नाही त्या ओळींची आहे. द्वयर्थ स्वतःच आवाज करतो. बोचणारा शब्द बहुधा स्तुतीचे कपडे घालून गुपचूप निघून जातो. म्हणून माझे मत असे की मसुद्यातली सर्वांत गोड वाक्ये सर्वांत संशयाने वाचावीत. ‘गरीब पण हसतमुख’ घ्या. सगळा गुन्हा त्या ‘पण’चा आहे: गरिबाने रडकेच असायला हवे होते, इथे मात्र चमत्कार झाला, असे तो सुचवतो. ‘श्रीमंत पण हसतमुख’ असे आपण लोणावळ्याच्या बंगलेवाल्यांबद्दल लिहीत नाही, हीच त्याची परीक्षा. यादीतही तसेच. धबधबा आणि माकड यांच्या रांगेत बसवला की पाडा प्रेक्षणीय वस्तू होतो, तिथे घरे आहेत हे विसरले जाते. शिवाय ज्यांना असे ‘पाहायला’ बोलावले जाते, त्यांच्यातल्याच महादेव कोळी मुकण्यांनी जव्हारचे संस्थान शतकानुशतके चालवले. ते १९४८ साली विलीन झाले. पाहुण्यांना राजवाडाही दाखवायचा आणि मागासलेपणही, हे जरा अवघड जाते.

सर्वांत निरागस ओळ वजनाची. कुठल्याही आरोग्यधामाला ती शोभेल. पण १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली आणि या भागाचे नाव राज्यभर गेले. जिथे अंगणवाडीत मुलांचे वजन वाढले की नाही हे तपासतात, तिथे वजन घटवायचे आमंत्रण देणे व्याकरणात नव्हे, इतिहासात चुकते. ही चूक वात्रट पोराला दिसणार नाही. त्यासाठी दुसरा वाचक मोखाड्याचाच हवा. त्याला ‘कसे वाटले?’ विचारू नये, तो भिडेखातर छान म्हणेल. ‘हे तुमच्या घराच्या भिंतीवर लावू का?’ असे विचारावे. आणि तारीखही बघावी: ‘पाण्यात मनसोक्त डुंबा’ अशी एखादी ओळ जुलैत ठीक आहे, पण मोखाड्यात टँकरची वाट पाहत हंडे मांडलेले असतात त्या मे महिन्यात ती लावणे धाडसाचे काम आहे.

यावर लोक म्हणतात, हेतू चांगला होता ना? असेल; पण हेतू मजकुरासोबत छापून येत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: एवढे गाळल्यावर उरेल ते सरकारी परिपत्रक. इथे मी निम्मा शरण येतो. ‘पण’ काढल्याने वाक्याची चव जात नाही, मात्र भीतीपोटी गावठी कोंबडीचे ‘स्थानिक कुक्कुट’ केले तर जेवायला कोणी येणार नाही. दुसरा अर्थ कोणाच्या जिवावर हसवतो, एवढेच बघावे. कोणाच्याही नसेल तर ओळ खुशाल राहू द्यावी. दादा कोंडक्यांनी दुसरा अर्थ मुद्दाम पेरला आणि थिएटरे भरली; त्यांचा प्रेक्षक अजून हयात आहे आणि त्याला ‘नाचणीची भाकरी’ या शब्दांतही काहीतरी सापडेल. त्याला अडवता येत नाही. त्याने खोली मागितली तर आगाऊ पैसे घेऊन द्यावी.