टीप सर

आमच्या सरांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, शिवणी राहत. दहा वर्षांनी भेटलेल्या विद्यार्थ्याला ते "कोण तू?" विचारत, पण त्यानं प्रवेशाच्या दिवशी घातलेल्या शर्टाचा खिसा तिरका होता हे मात्र ते अचूक सांगत. समोरचा नमस्कार करू लागला की सरांची नजर त्याच्या बाहीच्या टोकाशी. तिथली टीप पाहून झाली की मग नमस्कार. म्हणून नाव पडलं टीप सर. दुसरं कारण असं की परीक्षेच्या आधी टिपा मागितल्या की ते स्वतःच्या शर्टाची कड उलटून दाखवत आणि म्हणत, "ही घे, इंचाला बारा."

पुण्याच्या एका फॅशन कॉलेजात पहिल्या वर्षाचा पहिला तास त्यांचा असे. त्या तासाची एक वही होती. पिवळी पडलेली, पाठीला कापडी पट्टी लावलेली. तीत व्याख्यान शब्दशः लिहिलेलं होतं, आणि मध्येमध्ये कंसात नाटकासारख्या सूचना. "(येथे खिडक्या उघडणे.)" "(येथे हशा. न आल्यास पुढे जाणे.)" हशा सहसा यायचा नाही, आणि सर वहीवर बोट ठेवून पुढे जायचे.

सुरुवात ठरलेली. पिशवीतून एक जुना खादीचा सदरा निघे, हँगरवर चढे, फळ्याला लटके. मग प्रश्न : "काय दिसतं?"

मुलं हुशारच असतात. एक मुलगी म्हणाली, "सर, व्हिंटेज आहे." दुसरा म्हणाला, "गळ्याशी बारीक भरतकाम आहे." सरांनी दोघांनाही वर्गाच्या शेवटच्या भिंतीपाशी पाठवलं.

"आता डोळे बारीक करा. भरतकाम दिसतंय? नाही ना? मग ते आत्ता बोलायचं नाही. तपशील हा लग्नातला आगाऊ पाहुणा असतो, सगळ्यांच्या आधी बोलतो आणि निम्मं खोटं बोलतो. आधी सावली. सदऱ्याची सावली कशी पडेल?"

खांद्यांना उतार नाही, बाह्या बुजगावण्यासारख्या आडव्या, खाली घेर रुंद. तीन रेघांत वहीत काढायचं, चौथी रेघ ओढली की सर खोडरबर देत. मग सदरा टेबलावर पसरत. तो पापडासारखा सपाट पडे. शेजारी सर आपला कोट पसरत. कोटाची बाही काही केल्या सपाट बसायची नाही, खांद्याशी फुगवटा यायचाच. "कोट अंगाचा घाट धरून कापलाय, म्हणून झोपत नाही. सदरा चौकोनांचा आहे, म्हणून झोपतो. एवढं कळायला हात लावावा लागला नाही."

दुसरी पायरी कापडाची. इथे वहीत सूचना होती : "(काडीपेटी. मागील बाकावर लक्ष.)" आतल्या शिवणीतून निघालेला एक धागा सर चिमट्यात धरून पेटवत. कागद जळाल्यासारखा वास आला आणि बोटात चुरगळणारी राख उरली तर सूत. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर. सदऱ्याचा धागा राख व्हायचा. मग कुशीची शिवण आतून उलटायची. तिथे विणलेली किनार जशीच्या तशी सापडे. म्हणजे शिंप्यानं कापडाचा पूर्ण पन्हा वापरला होता, कडेनं कातरसुद्धा फिरवली नव्हती.

"आता खरी गोष्ट," म्हणून सर सदरा पूर्ण उलटा करत. बांधणी. खांद्यावर शिवणच नाही, एकच कापड पुढून मागे घडी घातलेलं. घेर आलाय तो कळ्यांमुळे. एका लांबट चौकोनाला तिरपा छेद दिला की दोन कळ्या होतात, अरुंद टोक वर, रुंद खाली, कापड वाया नाही. आणि काखेत तो छोटा चौकोन, चौबगळा.

सर एका मुलाला सदरा घालायला लावत आणि हात वर करायला सांगत. चौबगळा कर्णावर दुमडून बसवलेला असतो, म्हणून काखेत कापड उरेब पडतं आणि उरेब कापड ताणतं. हात वर गेला की चौकोन उघडतो, सदरा कमरेवरून फारसा चढत नाही. "हा तुकडा काढला तर हा माणूस बसमध्ये दांडी धरू शकणार नाही," सर म्हणत. "(येथे हशा.)" नाही यायचा.

तपशील सगळ्यात शेवटी. एकदा एका मुलानं उजव्या चौबगळ्याचा धागा जाळला आणि मणी निघाला. तो उसळलाच. "सर, पॉलिस्टर 1941 साली निघालं, म्हणजे सदरा त्यानंतरचा!"

सरांनी त्याच्यासमोर डावा चौबगळा ठेवला. तिथला धागा सुती, टीप यंत्राची. उजवीकडे हातशिलाई. आणि उजव्या शिवणीच्या अगदी शेजारी रिकाम्या सुईच्या भोकांची जुनी रांग. "चौबगळा 1941 नंतरचा, एवढंच सिद्ध झालं. सदऱ्याचा जन्म कधीही असो. ठिगळाला विचारलं तर ते ठिगळाचंच वय सांगणार."

ही विद्या सर कॉलेजात ठेवून घरी जात नसत, हीच अडचण. माझ्या लग्नात ते आशीर्वादाला स्टेजवर आले. मी वाकलो, त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं शेरवानीची कड उलटली. सासरे शेजारीच होते. आदल्याच दिवशी मी त्यांना सांगितलं होतं की खास शिवून घेतलीय.

"फुगे आलेत," सर प्रेमानं म्हणाले. "आतलं बक्रम इस्त्रीनं चिकटवलेलं. बऱ्याचदा ड्रायक्लीन झालं की डिंक सुटतो." मग त्यांची बोटं कुशीत गेली. "आणि इथे जुन्या टिपेच्या भोकांच्या तीन रांगा. तीनदा सैल-घट्ट केलीय. म्हणजे या शेरवानीचा तू चौथा नवरदेव." सासऱ्यांनी हार घालताना माझ्याकडे नाही, कुशीकडे पाहिलं.

सरांच्या निवृत्तीच्या वर्षी मी त्यांच्या पहिल्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसलो. सदरा निघाला, काडी पेटली. शेवटी सरांनी विचारलं, "आणखी कोणता कपडा वाचायचाय?" पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "सर, तुमचा शर्ट."

तिनं नेमानं सुरुवात केली. आधी मागे भिंतीपाशी गेली. खांद्याची शिवण दंडावर उतरलेली, दोन्हीकडे सारखीच, म्हणजे मापाचा नाही. जवळ येऊन कापड चिमटीत धरलं. चांगलं, पण गळ्याशी विरलेलं. मग म्हणाली, "सर, कॉलर उलटवलीय. टोकात पट्टी घालायची फट खालच्या अंगाला असते, तुमची वर आलीय. विरलेली बाजू आत गेलीय." थोडं थांबून म्हणाली, "शर्ट रुंद माणसानं खूप वापरलाय. तुमचा नाही."

"मुलाचा," सर म्हणाले. "बापाचे कपडे मुलाला उतरायचे दिवस गेले. आता मुलाचे वर चढतात."

यावर मात्र वर्ग खदखदून हसला. सर गोंधळले. त्यांनी वही जवळ ओढली, पेनचं टोपण काढलं, आणि जिथे कधीच काही लिहिलेलं नव्हतं त्या समासात कंस उघडला.